लाखो नोंदींतून एक नोंद क्षणात कशी सापडते? हॅश टेबलची गोष्ट आणि ‘Aa’ व ‘BB’ यांचा घोळ

२८ डिसेंबर २०११. बर्लिनमध्ये हॅकर मंडळींची वार्षिक परिषद भरली होती. तिथे अलेक्झांडर क्लिंक आणि ज्युलियन वेल्डे हे दोघे मंचावर आले आणि त्यांनी एक साधी गोष्ट दाखवली. एखाद्या वेबसाइटला फॉर्म भरून पाठवायचा, त्यात व्हायरस नाही, चोरलेला पासवर्ड नाही. फक्त रकान्यांची नावं विचारपूर्वक निवडलेली. एवढ्यावर सर्व्हरचा प्रोसेसर कितीतरी वेळ दुसरं काही करू शकत नव्हता.

पीएचपी, जावा, पायथॉन, मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट, सगळे या यादीत होते. मायक्रोसॉफ्टने तर ऐन सुट्टीच्या आठवड्यात, दुसऱ्याच दिवशी तातडीची दुरुस्ती सोडली.

गंमत म्हणजे, बिघाड ज्या गोष्टीत होता ती प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्यात वेगवान गोष्टींपैकी एक मानली जाते. तिचं नाव हॅश टेबल. हा हल्ला समजून घ्यायचा तर आधी ती इतकी वेगवान का असते, ते बघावं लागतं.

शोधायचं की थेट जायचं?

समजा तुमच्याकडे १० लाख नावांची यादी आहे आणि त्यातलं एक शोधायचंय. यादी विस्कळीत असेल तर पहिल्यापासून बघत जाणं आलं. नशीब मधलं असेल तर ५ लाख नावं तपासून होतात.

यादी अकारविल्हे लावलेली असेल तर काम पुष्कळ सोपं. शब्दकोश उघडतो तसं मधलं पान उघडायचं, आपला शब्द आधी येतो की नंतर ते बघायचं, अर्धा भाग सोडून द्यायचा. असं २० वेळा केलं की १० लाखांतून नेमकं नाव हाती लागतं. २० म्हणजे काही वाईट नाही.

पण अजून एक मार्ग आहे. शोधायचंच नाही. ती नोंद कुठे ठेवलीय हे आधीच ठाऊक असेल तर थेट तिथे जायचं.

कॉम्प्युटरच्या मेमरीला हे फार छान जमतं. मेमरीत सारख्या मापाचे कप्पे ओळीने मांडले, की त्याला अ‍ॅरे म्हणतात. पहिला कप्पा कुठे सुरू होतो ते माहीत असतं, एका कप्प्याचं माप माहीत असतं. मग सात हजाराव्या कप्प्याचा पत्ता काढायला एक गुणाकार आणि एक बेरीज पुरते. आधीचे ६,९९९ कप्पे उघडून बघावे लागत नाहीत. म्हणून सातवा कप्पा असो की सात हजारावा, तिथे पोहोचायला सारखंच काम पडतं.

अडचण एवढीच, की कप्प्यांना आकडे असतात आणि माणसांना नावं हवी असतात. आपण ‘सात हजारावी नोंद दे’ असं म्हणत नाही, ‘कोल्हापूरची नोंद दे’ म्हणतो. ज्या नावाने आपण नोंद मागतो त्याला प्रोग्रॅमिंगमध्ये ‘की’ म्हणतात, म्हणजे किल्ली. आता प्रश्न असा: किल्लीपासून कप्प्याचा नंबर काढायचा कसा?

नावाचा खिमा

आयबीएममध्ये हान्स पीटर लून नावाचे संशोधक होते. त्यांनी जानेवारी १९५३ मध्ये कंपनीतल्या एका टिपणात ही युक्ती मांडली होती. नावातल्या अक्षरांवरच काहीतरी गणित करायचं आणि जो आकडा येईल तोच कप्पा. इंग्रजीत ‘हॅश’ म्हणजे बारीक चिरून केलेला खिमा. इथे चिरला जातो तो शब्द. चिरण्याची जी रीत ठरवली असेल तिला हॅश फंक्शन म्हणतात.

खरं उदाहरण घेऊ. रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनांचे कोड असतात. पुण्याचा PUNE, नागपूरचा NGP, कोल्हापूरचा KOP, जळगावचा JL, सोलापूरचा SUR. हे कोड आपल्या किल्ल्या. आणि रीत घेऊ जावा या भाषेची, कारण ती कागदावर करून बघता येते.

कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. A म्हणजे ६५, B म्हणजे ६६, असं पुढे. जावाची रीत अशी: पहिल्या अक्षराचा आकडा घ्या, त्याला ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा आकडा मिळवा. अजून अक्षरं असतील तर आलेल्या उत्तराला पुन्हा ३१ ने गुणा आणि पुढचं अक्षर मिळवा.

JL घ्या. J म्हणजे ७४. ७४ गुणिले ३१ म्हणजे २२९४. त्यात L चे ७६ मिळवले की २३७०. झाला जळगावचा हॅश.

गुणाकार कशाला, नुसती बेरीज का नको? नुसती बेरीज केली तर NGP आणि PNG या दोघांचा आकडा एकच येईल. ३१ ने गुणत गेल्यामुळे कोणतं अक्षर कुठल्या जागी आहे, त्यालाही वजन मिळतं.

आता आपल्याकडे समजा ० ते ९ असे दहाच कप्पे आहेत. मग २३७० चं काय करायचं? १० ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे शेवटचा अंक. अशी पाचही स्टेशनं मांडली तर चित्र असं दिसतं:

```
PUNE  2467452  -> 2
NGP     77239  -> 9
KOP     74604  -> 4
JL       2370  -> 0
SUR     82480  -> 0
```

कोणी KOP मागितलं की तेच गणित पुन्हा करायचं, ७४६०४ येतो, कप्पा ४ उघडायचा, कोल्हापूर हजर. PUNE, NGP यांच्याकडे ढुंकूनही बघावं लागत नाही.

आणि कोणी मिरजेचा MRJ मागितला तर? त्याचा हॅश ७६६१३, म्हणजे कप्पा ३. तो रिकामा आहे. बस, मिरज आपल्या यादीत नाही हे एका नजरेत कळलं. विस्कळीत यादीत ‘नाही’ म्हणायला शेवटपर्यंत जावं लागलं असतं.

वेगाचं खरं कारण हेच. KOP चा हॅश काढायला किती कष्ट पडतात, ते KOP मध्ये किती अक्षरं आहेत यावर ठरतं. यादीत पाच स्टेशनं आहेत की पाच लाख, याचा त्या गणिताशी काही संबंध नाही.

जळगाव आणि सोलापूर एकाच कप्प्यात

वरच्या यादीत एक खटकणारी गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. जळगाव आणि सोलापूर दोघेही कप्पा ० मध्ये. याला कोलिजन म्हणतात, म्हणजे टक्कर. ही टाळता येत नाही. शक्य नावं अगणित आणि कप्पे मोजके, म्हणजे कधी ना कधी दोघं एका दारात येणारच.

मग करतात काय? एक पद्धत अशी, की कप्प्यात छोटी रांग लावायची. कप्पा ० मध्ये आधी JL, त्याच्यामागे SUR. SUR मागितलं की कप्पा ० उघडायचा, पहिल्या नोंदीची किल्ली बघायची, JL आहे, नको, पुढची बघायची, SUR आहे, ही घ्या. म्हणूनच कप्प्यात नुसती माहिती ठेवून चालत नाही, शेजारी मूळ किल्लीही ठेवावी लागते. नाहीतर सोलापूर विचारणाऱ्याच्या हातात जळगाव पडेल. जावा ही रांगेची पद्धत वापरते. पायथॉनची डिक्शनरी रांग लावत नाही. ती ठरलेल्या क्रमाने दुसरा रिकामा कप्पा शोधते.

रांग दोन-तीन जणांची असेल तोवर कोणाला काही जाणवत नाही. ती वाढायला लागली की वेग गेला. म्हणून गर्दी होण्याआधीच घर मोठं करतात. जावाचा हॅशमॅप १६ कप्प्यांनी सुरू होतो. पाऊणपट भरला, म्हणजे १२ नोंदी झाल्या, आणि तेरावी आली की तो ३२ कप्प्यांचा होतो.

आपल्या दहा कप्प्यांचे वीस करून बघा. आता २० ने भागायचं. ८२४८० ला बाकी ० उरते, सोलापूर तिथेच राहिलं. पण २३७० ला बाकी १० उरते. जळगाव कप्पा १० मध्ये गेलं, टक्कर मिटली.

घर बदलायचं म्हणजे सामान हलवणं आलंच. प्रत्येक नोंद उचलून नव्या कप्प्यात ठेवावी लागते आणि त्या क्षणी टेबल थोडं अडखळतं. पण दर वेळी दुप्पट केल्यामुळे ही वेळ क्वचित येते. आधी १० नोंदी हलवल्या, मग २०, मग ४०, मग ८०. या सगळ्यांची बेरीज शेवटच्या हलवाहलवीच्या दुपटीपेक्षा कमीच भरते. म्हणजे सरासरी काढली तर एका नोंदीमागे जास्तीचं काम अगदी थोडं.

‘जवळपास’ चालत नाही

या वेगाची एक किंमत आहे. हॅश टेबलला नेमकी तीच किल्ली लागते. एक अक्षर बदललं की पूर्ण वेगळा आकडा, पूर्ण वेगळा कप्पा.

मराठीत याचा फटका विचित्र पद्धतीने बसतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र घ्या. तो मेमरीत दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. स्क्रीनवर दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. हॅश फंक्शनला डोळे नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. एका पद्धतीने ठेवलेली नोंद दुसऱ्या पद्धतीने टाइप करून मागितली तर उत्तर येतं, ‘अशी नोंद नाही’. समोर दिसत असलेला शब्द सापडत नाही म्हणून माणूस चक्रावून जातो. असं झालं तर दोन्ही शब्दांची लांबी मोजून बघावी. दिसायला सारख्या शब्दांची अक्षरसंख्या वेगळी आली की चोर सापडला. उपाय म्हणजे किल्ली ठेवताना आणि मागताना, दोन्ही वेळी ती एकाच साच्यात आणायची.

याच कारणाने ‘पु पासून सुरू होणारी सगळी नावं दे’ हे काम हॅश टेबलला सांगण्यात अर्थ नसतो. शेजारशेजारची नावं त्याने मुद्दामच लांब फेकलेली असतात. त्यासाठी लावलेली यादी किंवा ट्री बरी.

मग बर्लिनमध्ये काय झालं?

आता पुन्हा जावाच्या रीतीकडे या आणि दोनच अक्षरांचे दोन शब्द घ्या, Aa आणि BB.

A म्हणजे ६५, छोटा a म्हणजे ९७. ६५ गुणिले ३१ म्हणजे २०१५, अधिक ९७ म्हणजे २११२.

B म्हणजे ६६. ६६ गुणिले ३१ म्हणजे २०४६, अधिक ६६ म्हणजे २११२.

दोन्ही सारखे! जळगाव-सोलापूरची टक्कर कप्पे कमी होते म्हणून झाली होती, हॅश वेगळेच होते. इथे मूळ हॅशच एक आहे. कप्पे वीस करा, वीस लाख करा, हे दोघे कायम एकत्रच राहणार.

पुढची पायरी आणखी वाईट. Aa आणि BB हे दोन ठोकळे समजा आणि ते हवे तसे जोडा. AaAa, AaBB, BBAa, BBBB, या चौघांचाही हॅश एकच येतो. तीन ठोकळे जोडले तर ८ शब्द, दहा जोडले तर १०२४, सोळा जोडले तर ६५,५३६. प्रत्येक शब्द ३२ अक्षरांचा, प्रत्येक वेगळा, आणि सगळ्यांचा हॅश तोच. असे शब्द बनवायला पाच ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

वेबसाइटवर फॉर्म भरला की सर्व्हर आधी त्यातल्या रकान्यांची नावं हॅश टेबलमध्ये मांडतो. वेबसाइटचा स्वतःचा कोड नंतर चालतो. त्यामुळे साइट कितीही नीट लिहिलेली असली तरी उपयोग नाही. आणि नावं कोणती पाठवायची, हे पाठवणाऱ्याच्या हातात.

समजा त्याने ही ६५,५३६ नावं पाठवली. पहिलं नाव कप्प्यात सहज बसलं. दुसऱ्याला पहिल्याशी ताडून बघावं लागलं, हेच नाव आधी आलंय का म्हणून. तिसऱ्याला दोघांशी. हजाराव्याला ९९९ जणांशी. शेवटपर्यंत गेल्यावर बेरीज होते सुमारे २१४ कोटी तुलना. साधी नावं असती तर हेच काम लाखभर तुलनांच्या आतबाहेर आटोपलं असतं. नावांचं एकूण वजन मात्र २ एमबी. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. असे फॉर्म एकामागून एक पाठवत राहिलं की सर्व्हर अडकलाच.

हे कोणाला आधी सुचलंच नव्हतं, असंही नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ मध्येच एका शोधनिबंधात असा हल्ला मांडून दाखवला होता. पर्ल या भाषेच्या लोकांनी तो मनावर घेऊन त्याच वर्षी दुरुस्तीही केली. बाकीच्यांनी आठ वर्षं काढली. हॅश टेबल ‘सरासरीने’ वेगवान असतं हे पाठ्यपुस्तकात सगळेच वाचतात. सरासरी बिघडवायचीच, असं ठरवून कोणी नावं निवडेल, हा विचार त्या सरासरीत नसतो.

दुरुस्ती

पीएचपीने जानेवारी २०१२ मध्ये सरळ मर्यादा घातली, एका फॉर्ममधून एक हजार रकानेच घेणार. ही मलमपट्टी होती, पण लगेच लागू झाली.

मुळावरचा उपाय वेगळा. हल्लेखोराला चालते ती खात्री, की ‘या नावाचा हॅश हाच येणार’. ती काढून घ्यायची. प्रोग्रॅम सुरू होताना एक गुप्त आकडा चिठ्ठी टाकून निवडायचा आणि तो चिरण्याच्या रीतीत मिसळायचा. पायथॉन ३.३ पासून हे आपोआप होतं. तुमच्याकडे पायथॉन असेल तर ही ओळ दोनदा चालवून बघा:

```
python3 -c 'print(hash("PUNE"))'
```

दोन्ही वेळा आकडा वेगळा येईल. एकाच चालू प्रोग्रॅममध्ये मात्र तो बदलत नाही, नाहीतर ठेवलेली नोंद सापडणारच नाही. अर्थात गुप्त आकडा मिसळणारी रीतही पक्की हवी, नाहीतर उत्तरांवरून तो आकडा ओळखता येतो. त्यासाठी ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी २०१२ मध्ये सिपहॅश नावाची रीत तयार केली. पायथॉनने ती ३.४ मध्ये घेतली, रस्ट या भाषेच्या हॅशमॅपमध्येही तिचाच एक प्रकार आहे.

जावाची पंचाईत निराळी होती. ३१ ने गुणण्याची रीत जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहून ठेवलेली आहे आणि जगभरातले प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून आहेत. ती बदलता येईना. मग २०१४ च्या जावा ८ मध्ये त्यांनी रांगेवर उपाय केला. एका कप्प्यातली रांग आठाच्या पुढे जायला लागली आणि टेबल पुरेसं मोठं असलं, की तिथल्या नोंदी क्रमाने लावलेल्या ट्रीमध्ये बदलतात. तीच शब्दकोशाची युक्ती, अर्धा भाग सोडून देण्याची. ६५,५३६ नावं एकाच कप्प्यात कोंबली तरी त्यातलं एक शोधायला आता साधारण १६ ते २० तुलना लागतात. Aa आणि BB यांचा हॅश मात्र जावामध्ये आजही २११२च येतो.